गवरा हासली, गवरा रडली

टेकचंद लांजेवार गुरुजींनी एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांतला 'मले' खोडून 'मला' केला. 'डोरा' खोडून 'डोळा' केला, 'पानी'चं 'पाणी' केलं. घरी मात्र ते स्वतः 'मले भूक लागली' असंच म्हणत. त्यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. बोलायची भाषा वेगळी आणि लिहायची वेगळी, इतकं ते साधं होतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तेव्हा एकोडीच्या मंदिर कमिटीचे अध्यक्ष भैय्यालाल कापगते त्यांच्याकडे आले. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या पाळीवर महादेवाचं देऊळ आहे. शिवरात्रीला तिथे बाया गवरेचं गाणं म्हणतात. गवरा म्हणजे पार्वती. म्हणणाऱ्या जुन्या बाया आता चार-पाचच उरल्या होत्या आणि पोरींना शब्द येत नव्हते.

"गुर्जी, तुमी गानं लिहून द्या. आमी छापतो, पोरींले वाटतो," भैय्यालाल म्हणाले. "गोदावरीबाईले पुरं येते."

धानाची कापणी आटोपली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी गुरुजी वही घेऊन गोदावरीबाईंच्या अंगणात गेले. बाई ऐंशीच्या पुढच्या. उन्हाला पाठ देऊन लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी त्यांना ओळी सांगायला सांगितल्या. बाईंनी दोन शब्द सांगितले आणि अडल्या.

"असं सांगता नाही येत, गुर्जी. गायलं तं येते."

"मंग गा, काकी."

त्या गायल्या आणि गुरुजींनी भराभर लिहून घेतलं. लिहिता लिहिताच हात सवयीने दुरुस्त करत गेला. मग त्यांनी वाचून दाखवलं, 'बोडीच्या पाळीवरी कोण उभा ग, जटेतुनी जळ गळते.'

गोदावरीबाईंनी मन लावून ऐकलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "कोनाचं गानं होय हे?"

बाई गंमत करतात असं गुरुजींना आधी वाटलं. पण त्या खरंच विचारत होत्या.

गुरुजींची मुलगी तृप्ती भंडाऱ्याला एका कॉलेजात मराठी शिकवते. संध्याकाळी फोनवर त्यांनी तिला हा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गाणं लिहून नाही आणलं. वही तपासून आलात."

त्यांना ते लागलं. दोन दिवस त्यांनी तिला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच करून विचारलं की मग कसं करायचं. तिने सांगितलं ते त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं. आवाज मोबाईलवर घ्यायचा, आधी विचारून. गाणारीचं नाव, वय, माहेर, आणि गाणं कोणाकडून शिकली ते लिहायचं. एकाच बाईकडून निदान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी घ्यायचं. जसं ऐकू येईल तसं लिहायचं. कळलं नाही तिथे अंदाज न करता प्रश्नचिन्ह आणि रेकॉर्डिंगमधली वेळ टाकायची. दोन बायांच्या ओळी जोडून तिसरंच गाणं बनवायचं नाही. एकीचा एक पाठ पूर्ण वर ठेवायचा आणि बाकीच्यांचा फरक खाली टिपायचा. बरोबर-चूक लिहायचं नाही.

शेवटचं कलम गुरुजींना सगळ्यांत अवघड गेलं.

ते पुन्हा गोदावरीबाईंकडे गेले. मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून दुपट्ट्याच्या घडीवर ठेवला. त्या गायल्या. आठ दिवसांनी पुन्हा गायल्या. गुरुजींनी एकाला गो-१ नाव दिलं, दुसऱ्याला गो-२. मग घरी बसून एकेक ओळ चार-चार वेळा ऐकत लिहायला घेतली.

बोडीच्या पारीवर कोन उभा गा
जटेतून जर गरते
गवराबाई घागर भरते

'पार' म्हणजे पाळ, 'जर' म्हणजे जळ, 'गरते' म्हणजे गळते. 'ळ'च्या जागी 'र' लिहिताना पहिल्या दिवशी त्यांचं बोट खरोखर थांबत होतं. अर्थ त्यांनी शेवटच्या पानावर वेगळे दिले. ओळींना हात लावला नाही.

दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये बारीक फरक होते. एकात 'उभा गा', दुसऱ्यात 'उभा वो'. ते त्यांनी टिपले. पण शेवटच्या दोन ओळींवर ते अडकले. गो-२ मध्ये होतं,

घागर फुटली, गवरा रडली
कोन्या तोंडानं घरी जाऊ

आणि गो-१ मध्ये,

घागर फुटली, गवरा हासली
दोघं मिरून पानी वाऊ

ऐकण्यात चूक नव्हती. त्यांनी सात वेळा ऐकलं. एकीकडे घागर फुटली म्हणून घरी जायला घाबरलेली बाई होती. दुसरीकडे नवऱ्याला 'आता दोघं मिळून पाणी वाहू' म्हणणारी. गाणारी तर एकच होती.

गुरुजी मोबाईल घेऊन गेले. कोणतं बरोबर, असं त्यांनी विचारलं नाही. दोन्ही ऐकवले. पहिलं वाजताना बाईंचा हात सुपात थांबला.

"हे पुसून टाका," त्या म्हणाल्या.

"काहून, काकी?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. घरात कोणी नाही हे वळून बघितलं. मग सांगितलं. "थे माह्या मायचं होय. माहेरी हासलीच म्हनत. लगन होऊन इथं आलो तं पहिल्या शिवरातीले मी तसंच म्हनलं. सासू सगऱ्या बायांपुढं बोलली. म्हने, घागर फुटल्यावर कोनती बाई हासते? तुह्या मायनं हेच शिकवलं काय? तवापासून रडलीच म्हनतो. साठ वर्सं झाले."

"मंग त्या दिवशी?"

"तोंडातून निघालं असन. सासू जाऊन लई दिवस झाले. पन आमचा भूपेंद्र कमेटीत आहे. लोकं म्हनतीन, बुढीले आता गानंही आठवत नाही. पुसा तुमी."

गुरुजींनी थोडा आग्रह करून पाहिला. त्या ऐकेनात. गाणं त्यांचं, आवाज त्यांचा. गुरुजींनी त्यांच्यासमोर रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि वहीतलं पानही फाडून त्यांच्या हातात दिलं. वहीत एवढंच राहिलं, 'गो-१. गायिकेच्या सांगण्यावरून काढले.' घरी जाताना त्यांना हळहळ वाटत होती. रेकॉर्डिंग काढून टाकल्याचं त्यांनी नंतर तृप्तीला सांगितलं.

जानेवारीत ते तृप्तीकडे गेले होते. तिच्या ओळखीने नदीपलीकडे कारध्याला कुंताबाईंकडे गेले. कुंताबाई पंचाहत्तरीच्या, घरचा हातमाग आता बंद, पण आवाज खणखणीत. त्यांच्या गाण्यात बोडी नव्हतीच. 'नदीच्या पारी कोन उभा वो' अशी त्यांची सुरुवात होती. तिथे पार म्हणजे काठ. घागरीच्या जागी गुंडी, म्हणजे पाण्याचं भांडं, होती. आणि शेवटी,

गुंडी फुटली, गवरा हासली
दोघं मिरून गंगा वाऊ

गुरुजींनी त्यांना मुद्दाम काही सुचवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा 'हासली'च आलं. शिकल्या कोणाकडून, तर आईकडून. कुंताबाईंचं माहेर पवनीकडचं आणि गोदावरीबाईंचं लाखांदूरकडचं. त्यावरून काही ठरवावं एवढी माहिती गुरुजींकडे नव्हती, म्हणून त्यांनी ठरवलं नाही. फक्त दोन्ही माहेरं लिहून ठेवली.

एक मात्र त्यांनी केलं. "हे एकोडीच्या एका बाईले ऐकवू काय?" असं कुंताबाईंना विचारलं.

"ऐकवा ना. पैसे लागते का ऐकाले?" कुंताबाई म्हणाल्या.

गोदावरीबाईंनी ते एकदा ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलत होते.

"हे कोन आहे?"

"कारध्याच्या कुंताबाई."

"तिले कोनी काई नाही म्हनलं?"

"नाही, काकी."

"म्हनजे माह्या मायचं चुकलं नोहोतं." त्या पदर सावरून बसल्या. डोळे पुसले नाहीत, कारण रडल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "लावा तुमचा मोबाईल. पन दोनी लिहा हं. सासूचंही लिहा. साठ वर्सं म्हनलं, तेबी माह्याच तोंडचं आहे."

'हासली'चं हे गाणं गो-३ झालं.

फेब्रुवारीत कमिटीची बैठक झाली. गुरुजींनी लिहिलेलं समोर ठेवलं. वर गो-२, खाली आकडे टाकून गो-३ आणि कुंताबाईंचे फरक, शेजारी नावं आणि गावं. भैय्यालालनी पानं उलटून पाहिली.

"गुर्जी, मेहनत भारी केली. पन पोरींले एकच गानं पायजे. खाली हे आकडे कायले?"

गोदावरीबाईंचा मुलगा भूपेंद्र गुरुजींचा विद्यार्थी होता. तो अवघडून म्हणाला, "सर, आईचं वय झालं. तिले आता आठवत नाही बरोबर."

"तुह्या आईले दोन आठवतात," गुरुजी म्हणाले. "आपल्याले एकही येत नाही."

तरी आधी ठरलं होतं तेच झालं. कमिटीने एकच पाठ छापला, 'रडली'चा. शिवाय टाइप करणाऱ्याने आपल्या मनाने 'पारीवर'चं 'पाळीवर' आणि 'जर'चं 'जल' केलं. पत्रकं हातात आल्यावर गुरुजींना ते दिसलं, आणि खाली छापलेलं स्वतःचं नावही. ते भैय्यालालना म्हणाले, "निदान माहं नाव काढून टाका." पण छापून झालं होतं. मग त्यांनी साकोलीला जाऊन आपल्या हस्तलिखिताच्या पाच झेरॉक्स प्रती काढल्या आणि बांधून घेतल्या. एक तृप्तीला, एक कुंताबाईंना, एक गोदावरीबाईंना दिली, दोन स्वतःजवळ ठेवल्या. गोदावरीबाईंना वाचता येत नाही. त्यांची नात डिंपल त्यांना वाचून दाखवते. ती पहिल्यांदा 'गरते' वाचताना हसली आणि म्हणाली, "आजी, हे तं अगदी तुह्यासारखंच लिहिलं आहे."

शिवरात्रीच्या सकाळी पोरी पत्रकं घेऊन देवळापुढे बसल्या, बाया त्यांच्या मागे. गुरुजी खांबाजवळ मोबाईल धरून उभे होते. शेवटच्या कडव्याला पोरींनी 'रडली' म्हटलं. गोदावरीबाईंनी 'हासली' म्हटलं, आणि त्यांच्याजवळ बसलेल्या, जुन्या गाणाऱ्यांपैकी निर्मलाबाईंनीही. दोन शब्द एकावर एक पडले, खालची ओळ थोडी गडबडली आणि मग आरती सुरू झाली. भैय्यालाल एकदा मागे वळून बघून पुन्हा आरती म्हणू लागले. भूपेंद्र आईजवळ गेला आणि तिला उठायला हात दिला. गुरुजींनी टिपण लिहिलं, 'सामूहिक. दोन्ही पाठ एकाच वेळी. खालची ओळ ऐकू येत नाही.'

नंतर ते शहापूरला भय्याजी नावाच्या एका म्हाताऱ्या भजनकऱ्याकडे गेले. त्याच्या गाण्यात गवरा 'देउराच्या पायरीवर' बसलेली होती आणि घागर नव्हतीच. "घागर कोन सांगतली तुमाले?" असं त्याने जरा रागानेच विचारलं. गुरुजींनी तेही तसंच लिहिलं, तारीख टाकली, आणि परत कधी येऊ ते विचारून निघाले.