भिंत सोडणारी शिडी

जागृती सावे हिच्याबद्दल लिहायचं तर आधी तिच्या नोट्सबद्दल लिहावं लागेल, कारण तलासरी-डहाणूत बाईंना ओळखणारे कमी आणि नोट्सना ओळखणारे जास्त. बारावी फिजिक्स, शंभर पानं, हिरवं कव्हर, स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्या नविनकडे कधीही मिळणार. तिने स्वतः त्या कधी विकल्या नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यावर वर्गात उतरवून दिल्या, एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रतींच्या प्रती निघत आहेत.

मी तिच्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आम्ही दोघी रोज डहाणूहून तलासरीला एकत्र जातो. ती चिखल्याहून येते, घरची चिकूची वाडी आहे, नवरा ती बघतो. बाई हुशार, कामाला वाघीण, पण स्वतःची चूक कबूल करायची वेळ आली की गप्प बसते. हे मी तिच्या तोंडावरही सांगितलं आहे, त्यामुळे इथे लिहायला मला काही वाटत नाही.

त्या हिरव्या नोट्सच्या त्रेचाळिसाव्या पानावर एक शिडी होती. भिंत गुळगुळीत, जमीन गुळगुळीत, कुठेच घर्षण नाही. शिडी भिंतीला लावून उभी केलेली, खालचं टोक जरासं सरकलं की ती घसरायला लागते. वरचं टोक भिंतीवरून खाली, खालचं टोक जमिनीवरून बाहेर. ती जमिनीवर आडवी पडते तेव्हा तिचा कोनीय वेग किती? जागृतीने ऊर्जेचा हिशोब मांडला होता: उंचीवरून गेलेली ऊर्जा फिरण्याच्या ऊर्जेत आली. उत्तर, तीन जी भागिले शिडीची लांबी, त्याचं वर्गमूळ. खाली चौकटीत लिहिलेलं होतं, 'लक्षात ठेवा: शिडी जमिनीला टेकेपर्यंत भिंत सोडत नाही.' ते वाक्य पुस्तकात कुठेच नव्हतं. ते तिने आपल्या मनाने घातलं होतं, मुलांना सोपं जावं म्हणून.

मागच्या ऑगस्टमध्ये हे पान शिकवताना झरीची कविता धडपे उभी राहिली. आई काळी, वडील धाकल्या, दोघंही वाड्यांवर मजुरीला जातात. घरात बारावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. वर्गात ती फार बोलत नसे, पण विचारलं तर उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसत नसे. तिच्याजवळ हिरव्या नोट्स नव्हत्या. वाचनालयातलं पुस्तक आणि स्वतःची वही, एवढ्यावरच तिचं चालायचं.

"मॅडम, शिडीचा मधला बिंदू सुरुवातीला आडवा हलत नव्हता. मग भिंतीने ढकललं म्हणून तो बाहेर जायला लागला. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुमच्या उत्तरात शिडी जमिनीवर पोचते तेव्हा तो बिंदू फक्त खाली चाललाय. आडवा वेग शून्य झालाय. त्याला मागे कोणी ओढलं?"

जागृती फळ्यावरची आकृती पुन्हा तपासायला लागली. जमीन गुळगुळीत, ती आडवं काही करणार नाही. उरली भिंत. भिंत ढकलू शकते, ओढू शकत नाही, तिला काय गोंद लावलाय? तास संपला. जागृती स्टाफरूममध्ये येऊन डबा न उघडता कागद घेऊन बसली. अर्ध्या तासाने तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मला फिजिक्स बेताचंच येतं, पण तेवढं मलाही कळलं. मधल्या बिंदूचा आडवा वेग वाढत वाढत जातो आणि शिडीचं वरचं टोक मूळ उंचीच्या दोन तृतीयांशावर आलं की तो सर्वात जास्त होतो. तिथे भिंतीचा रेटा शून्य. त्याच्या पुढे हिशोब चालवला तर रेटा उणे येतो, म्हणजे भिंतीने ओढायला पाहिजे. ती ओढत नाही. म्हणून शिडी तिथेच भिंत सोडते. तेव्हा कोनीय वेग, जी भागिले लांबी, त्याचं वर्गमूळ. नंतर ती आडव्या दिशेने त्याच वेगाने पुढे सरकत सरकत पडते, आणि जमिनीवर येताना फिरण्याचा वेग नोट्सपेक्षा कमी असतो. वर्गमुळात तीनऐवजी आठ तृतीयांश.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेत लाकडी मीटरपट्टी कपाटाच्या काचेला टेकवली. खाली फरशीवर कॅरमची पावडर, पट्टीच्या वरच्या टोकाला ओला गेरू. टोक शहाण्णव सेंटिमीटरवर ठेवून पट्टी सोडली. काचेवर गेरूची रेघ उतरली आणि मध्येच थांबली. दहा वेळा केलं. कधी बासष्ट, कधी सहासष्ट, घर्षण थोडं राहतंच, पण रेघ एकदाही खालपर्यंत आली नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. जागृतीने सगळ्यांना त्रेचाळिसावं पान खोडायला लावलं.

मी परतीच्या गाडीत म्हटलं, "नविनकडचं पानही बदलून टाक."

"टाकते गं. दिवाळीनंतर."

"भावेशला पण सांग. त्याच्या क्लासमध्ये तुझ्याच नोट्स चालतात."

"त्याला काय सांगू? माझ्याच विद्यार्थ्याला फोन करून सांगू की मी एकोणीस वर्षं चुकीचं शिकवलं?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. दिवाळी गेली, नाताळ गेला. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा भांडण होईल म्हणून सोडून दिलं. त्याचा मला आज राग येतो, तिचा आणि माझाही.

जानेवारीत एका ट्रस्टची निवड चाचणी झाली. दोन तालुक्यांतून वीस मुलं घेणार, पुण्यात वर्षभर राहणं, जेवणं, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी, सगळं मोफत. कविताला दुसरा रस्ताच नव्हता. घरी ठरलेलं होतं की यादीत नाव आलं तर पुणे, नाहीतर उन्हाळ्यापासून आईबरोबर वाडीवर. फिजिक्सचा पेपर काढला होता भावेशने, ट्रस्टचं डहाणूचं काम तोच बघायचा. सव्विसावा प्रश्न, चार गुणांचा: गुळगुळीत भिंतीला उभी टेकवलेली शिडी घसरते, तिचं टोक किती उंचीवर भिंत सोडेल? कविताने 'क', दोन तृतीयांश, लिहिलं. उत्तरसूचीत होतं 'ड', जमिनीला टेकेपर्यंत सोडत नाही.

यादीत कविता नव्हती. यादीसोबत सगळ्यांची उत्तरंही लावली होती. विसाव्या मुलाला तिच्यापेक्षा सहा गुण जास्त होते, आणि त्याने 'ड' लिहिलं होतं. तिच्या पुढे असलेल्या, पण यादीबाहेर राहिलेल्या दोघांनीही. सूची सुधारली असती तर तिचे चार वाढले असते, त्यांचे चार गेले असते. ती आत होती. इतका साधा हिशोब.

आम्ही तिघी ट्रस्टच्या डहाणूच्या ऑफिसात गेलो. जागृतीने मीटरपट्टी आणली होती, पावडर आणि गेरूसुद्धा. भावेश उठून उभा राहिला, तिच्या पाया पडला. मग तिने कागद मांडला, तो वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. पोरगा हुशार आहे, दोन मिनिटांत त्याला कळलं.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण हे बघा." त्याने ड्रॉवरमधून हिरव्या कव्हरच्या नोट्स काढल्या. त्रेचाळिसावं पान, चौकट, 'लक्षात ठेवा'. "मी प्रश्नच इथून काढला. यादीतली बहुतेक मुलं हेच वाचून आलीत. घरोघरी फोन गेलेत, ॲडमिशन झाल्यात. आता सूची फिरवली तर त्यांचे आईबाप म्हणतील, सावे मॅडमनी शिकवलं तेच तर लिहिलं, आमच्या पोरांचा काय दोष? मी त्यांना काय सांगू?"

जागृती म्हणाली, "सांग की मॅडमचं चुकलं. मी लिहून देते." आणि तिने तिथेच, त्याच्या पेनाने, कागदावर लिहून सही केली. एकोणीस वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं आता.

ट्रस्टच्या लोकांनी आठ दिवस घेतले. पट्टी कोणी सोडून बघितली नाही. पत्र आलं: प्रश्न क्रमांक सव्वीस वादग्रस्त असल्याने रद्द करण्यात येत आहे, सर्व विद्यार्थ्यांना चार गुण देण्यात येतील. म्हणजे ज्यांनी चूक लिहिलं त्यांचे चार तसेच राहिले, बरोबर लिहिणाऱ्या मुलीलाही चार मिळाले. सहाचा फरक दोनवर आला. विसावा विसावाच राहिला. वादग्रस्त म्हणे! त्यात वाद कसला होता? माझ्या हातात ते पत्र होतं आणि मला ते फाडून त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटत होतं.

कविता स्टाफरूमच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. रडली नाही. जागृती तिला समजावत होती, पुढच्या वर्षी, दुसरी परीक्षा, मी रविवारी घरी शिकवेन, असं बरंच काही. कविताने तिला मध्येच थांबवलं.

"मॅडम, तुम्हाला ऑगस्टमध्येच कळलं होतं ना?"

"हो."

"मग त्यांना का नाही सांगितलं?"

जागृती टेबलावरचे कागद गोळा करायला लागली. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं सांगायचं नव्हतं. कविता "येते मॅडम" म्हणून झरीची गाडी पकडायला गेली.

त्या दिवशी आम्ही डहाणूला उतरलो तशी जागृती सरळ नविनच्या दुकानात शिरली. मूळ प्रत मागितली, त्रेचाळिसावं पान काढलं आणि उभं आडवं फाडलं.

"अरे मॅडम! हे काय करता? चाळीस प्रतींची ऑर्डर आहे माझी," नविन ओरडला. "पान नाही तर गिऱ्हाईकाला काय देऊ?"

"कोरा कागद दे."

काउंटरवर, मशीनच्या आवाजात, उभ्या उभ्या तिने नवीन पान लिहिलं. शिडी काढली, भिंतीला टेकलेली एक आणि भिंतीपासून सुटलेली एक. दोन तृतीयांशावर खूण केली. खाली चौकट आखली, 'लक्षात ठेवा' लिहिलं आणि पेन थांबलं. मला वाटलं, भिंत ओढत नाही, असं काहीतरी लिहील.

तिने लिहिलं, 'या पानावर आधी चुकीचं लिहिलं होतं. कविता धाकल्या धडपे, झरी, हिने ते मागच्या ऑगस्टमध्ये दाखवून दिलं. मी कोणाला सांगितलं नाही.' खाली सही केली आणि पान नविनच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि चाळीस प्रती काढायला घेतल्या.