तीन रुपयांचा मेळावा

मी सांगलीत बँकेत कारकून होतो, म्हणून गावाकडच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची खजिनदारी माझ्या गळ्यात पडली. साठ जण येणार होते. नावनोंदणीची फी माणशी पाच रुपये धरली, तर तीनशे जमत होते. जेवणाला एकशेऐंशी, आठवण म्हणून द्यायच्या पितळी पेल्यांना एकशेवीस आणि हॉलच्या भाड्याला साठ लागणार होते. म्हणजे साठ कमी.

बैठकीत आमच्या वर्गातला एक खतांचा व्यापारी म्हणाला, "पेले माझ्याकडनं. फकस्त कार्यक्रम आमच्या देवळाच्या मंडपात घ्या, तिथं भाडं न्हाई."

भाडं आणि पेले दोन्ही सुटले, फी तीन रुपयांवर आली. सगळे खूश झाले. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो. त्याआधी त्याच देवळाच्या पायरीवरून माझ्या आईला हाकललेलं मी पाहिलं होतं. मी आकडे बदलले. बेरजेत खोट काढायला जागाच नव्हती.

मेळाव्याच्या दिवशी मंडपाबाहेरच आचाऱ्याचे पैसे चुकते केले, पावती खिशात घातली आणि सांगलीची एस.टी. पकडली.

आठवड्यानं एक वर्गमित्र माझा पेला घेऊन घरी आला. "जेवायला का थांबला न्हाईस रं गड्या?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

शाळेत भांड्याला माझा हात लागू नये म्हणून माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, तो हाच.