भाचीच्या लग्नातला माझा आहेर

आमच्याकडे लग्नात आहेर माईकवर पुकारतात. टेबलाशी एक जण पाकिटं फोडतो, दुसरा नाव आणि रक्कम ओरडून सांगतो, आणि जेवणाऱ्या पंगतीसुद्धा घास थांबवून ऐकतात. कोणाची ऐपत किती, हे सगळ्या मांडवाला एका तासात कळतं. ही पद्धत मला लहानपणापासून आवडत नाही. पण थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा त्या पुकाऱ्याची धास्ती वाटली.

मी दिग्रसला ब्लाउज शिवते. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्या वर्षी त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि जे होतं ते सगळं दवाखान्यात गेलं. मावशीने भाचीला निदान साडी-भांडं तरी द्यावं, अशी रीत. आमच्याकडे तेव्हा किराणासुद्धा उधारीवर येत होता. आणि भाची म्हणजे तरी कोण? अकरावी-बारावीची दोन वर्षं माझ्या घरी राहून शिकलेली, माझ्या मशीनजवळ बसून अभ्यास केलेली पोर.

मी ठरवलं, तिला पत्र लिहायचं. मला लिहिता येतं. चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरांची भाषणं मीच लिहून देते.

आधी कवितेचा घाट घातला. दोन दिवसांत कळलं, यमक माणसाला खोटं बोलायला लावतं. ‘माय’ला जुळवायला मी दुधावरची साय आणली. आमच्या घरी दूध पावशेर, तेही चहापुरतं, साय कुठली? कविता फाडली आणि पत्राला बसले. पहिला मजकूर नवऱ्याला वाचून दाखवला. दोन जिवांचं मीलन, संसाराची वेल, सगळं घातलं होतं.

ते पडल्या-पडल्या म्हणाले, “हे तं साहेबाच्या निरोप समारंभाचं भाषण वाटून राह्यलं.”

राग आला, पण माणूस खरं बोलत होता. मग मी स्वतःला एक अट घातली: जे वाक्य दुसऱ्या कोणत्याही नवरीला चाललं असतं, ते काढायचं. असं करता करता अख्खं पान गेलं, दोन ओळी उरल्या. “परिस्थितीमुळे काही देऊ शकत नाही” हे वाक्य काढताना हात अडला. पण ते असलं की पत्र माफीनामा होतं, आणि लग्नाच्या दिवशी पोरीला माझी गरिबी कशाला वाचायला लावायची? ते काढल्यावर मग खरं लिहिणं सुरू झालं. बारावीच्या निकालाच्या सकाळी नापास व्हायच्या भीतीने ती कपड्यांच्या ढिगात लपून बसली होती ते लिहिलं. पहिलं ब्लाउज उलटं शिवून तीच कशी हसली, ते लिहिलं. तिची आई तिला भेटायला यायची तेव्हा एसटीतून उतरल्या-उतरल्या आधी तिचे हात बघायची, सुई टोचली का म्हणून, तेही लिहिलं. शेवटी एकच वचन दिलं, माझ्या ऐपतीतलं: माझ्या घरी यायला तुला कधी कारण सांगावं लागणार नाही.

रोज मोठ्याने वाचायची. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य तोडायचं. मग जाड कागद आणून पेन्सिलीने हलक्या रेघा मारल्या आणि जेल पेनाने उतरवलं. शाई वाळण्याआधी रबर फिरवला आणि अर्धं पान काळं झालं. बाई, असं रडू आलं! दुसऱ्या कागदावर बॉलपेनाने पुन्हा लिहिलं आणि या वेळी रेघा दुसऱ्या दिवशी खोडल्या. पाकीट कापडाचं शिवलं, तिच्याच लग्नाच्या ब्लाउजातून उरलेल्या पांढऱ्या तुकड्याचं. हे मला तिच्या हातात द्यायचं होतं, टेबलावर नाही.

पुसदला गाडी बदलून अर्ध्या तिकिटात महागावला पोचले. नवरा कमरेला पट्टा बांधून सोबत होते. विहाराशेजारच्या मांडवात गडबड होती. ताईने मला बघितलं, पिशवी बघितली, आणि पाकीट हातातून काढूनच घेतलं. “नवरीजवळ आता कुठं जाशीन? दे इकडे, मी ठेवतो.”

ताईला नाही म्हणायची मला सवय नाही. दिलं.

त्रिशरण-पंचशील झालं, मंगल परिणय लागला, पंगती बसल्या. आहेर सुरू झाला. मी पुऱ्या वाढत होते. माईकवरून आवाज आला, “वधूची मावशी, दिग्रस, यांच्याकडून पाच हजार एक रुपये!”

टाळ्या पडल्या. नवऱ्याने लांबून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. आपल्यापासून लपवून हिने पैसे ठेवले, औषधं उधार आणली तेव्हाही ठेवले, असं त्या नजरेत होतं.

ताईला मी भांड्यांच्या मागे गाठलं. “कोणाचे पैसे ते?”

“हळू बोल. माह्ये आहेत. बचत गटाचे.”

“काहून टाकले पण?”

“काहून म्हणजे? ते पाकीट टेबलावर गेलं असतं तं माह्या दिरानं माईकवर फोडलं असतं. माहेरून कागद आला म्हणून जन्मभर ऐकलं असतं मी. तुले काय, तू संध्याकाळी दिग्रसले जाशीन. मले इथंच राहा लागते.”

“पण टेबलावर ठेवायचंच नव्हतं, ताई. तिच्या हातात द्यायचं होतं.”

“मंग माईकवर तुह्यं नावच नसतं आलं. ते बरं दिसलं असतं?”

बरोबर होतं तिचं, आणि मला ते अजिबात बरोबर वाटत नव्हतं. मी म्हटलं, “निदान पत्र तरी दे तिले.”

ताईने पदराने डोळे पुसले. “वाचलं मी. ते हाताचं... तुले ध्यानात होतं काय वं?” मग एकदम घाबरून म्हणाली, “देईन मी. पण पैशाचं कोणाले सांगू नको. तिच्या बापाले मालूम नाही. त्याले समजलं तं माह्यं काही खरं नाही.”

परतीच्या गाडीत नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, म्हणाले, “बरं.” विश्वास बसला की नाही ते मला आजही माहीत नाही.

आठवडाभराने भाचीचा फोन आला. तिच्यामागे सासरच्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

“मावशी, येवढे पैसे कायले टाकले वं? तुह्यी परिस्थिती मले मालूम नाही काय? काकाची दवाई कशी आणून राह्यली तू?”

पत्राचं तिने नावही काढलं नाही. म्हणजे ताईने पत्र अजून दिलं नव्हतं. त्यात हातांचं होतं, ते ताईला स्वतःजवळच ठेवायचं असणार. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली, एकाच वेळी.

“खरं सांगू,” भाची आवाज खाली आणून म्हणाली, “मले वाटलं होतं, तू काहीतरी लिहून देशीन. मी सगळी पाकिटं पाहली. तुह्यं अक्षर कुठंच नव्हतं.”

खरं सांगितलं असतं तर ते तिच्या बापाच्या कानावर जायला दोन दिवस लागले नसते. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

“नाही वं,” मी म्हटलं, “शिलाईचं काम फार होतं. लिहायले झालंच नाही.”



“असू दे, मावशी,” ती म्हणाली. “पैसे दिले ना तू.”