पाचातल्या तीन अटी

डोणगावात मुलींची शाळा निघणार, ही बातमी उत्तमराव गुरुजींनी आणली. ते मुलांच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि बुलढाण्याच्या कौन्सिलच्या कचेरीत त्यांचं जाणं-येणं असे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठा कारभार नागपुरातून चाले, पण खेड्यातल्या शाळा जिल्ह्याचं कौन्सिल काढी. जागा मंजूर झाली होती, आता बाई पाहिजे होती. गुरुजी सरळ रुख्मिणीच्या ओसरीवर आले आणि जाहिरातीचा कागद तिच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "वाच."

रुख्मिणी ही गावातल्या अर्जुनरावांची धाकटी बहीण. वडील मेहकरला मास्तर होते. त्यांनी तिला मुलांच्या शाळेत बसवून मराठी सातवीपर्यंत शिकवलं, आणि त्या वर्षी तालुक्यातून पास झालेली ती एकटी मुलगी होती. पुढे दुसरबीडला लग्न झालं. नवऱ्यानं दुसरी बायको करून हिला परत धाडली, तेव्हापासून ती भावाकडेच होती. दुपारी भांडी आवरली की आळीतल्या पोरी तिच्या ओसरीवर जमत. ती त्यांना अक्षरं शिकवी, शिवण शिकवी, कविता म्हणून घेई. घरी पाहुणे आले की पोरी परत जात, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. शाळेची खोली, भिंतीवर फळा, हजेरी घेताना उठून "हजर" म्हणणाऱ्या पोरी, हे सगळं तिनं कितीदा तरी मनात मांडून पाहिलं होतं.

कागदावर पाच अटी होत्या. उमेदवार मराठी सातवी पास असावी. वय तिशीच्या आत असावं. शिवणकाम आणि गायन येत असावं. अमरावतीच्या ट्रेनिंग शाळेचा दाखला असावा. मान्य शाळेत दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव असावा.

पहिल्या तिन्ही अटींत ती बसत होती. शेवटच्या दोहोंत बसत नव्हती. अमरावती तिनं पाहिलीही नव्हती, आणि तिच्या ओसरीला मान्य शाळा कोण म्हणणार? तिनं कागद घडी करून परत दिला.

गुरुजींनी तो घेतला नाही. ते म्हणाले, की कौन्सिलला जशी बाई पाहिजे तशी त्यांनी लिहिली आहे. ट्रेनिंग झालेल्या बाया आहेतच मूठभर, त्या अकोला-अमरावती सोडून इकडे कशाला येतील? जे आहे ते लिहावं, जे नाही ते नाही म्हणून लिहावं, ओसरीवरच्या पोरींचंही लिहावं आणि ट्रेनिंगला जायला तयार आहे असं खाली जोडावं. "नाही म्हणायचं काम त्यायचं हाये, रुख्मिणी. ते तू काऊन करून राह्यली?"

तिला ते पटलं. त्या संध्याकाळपुरतं तरी पटलं. तिनं अर्ज लिहायला घेतला आणि सुंदर अक्षरात तीन अटींपर्यंत आली. चौथीपाशी टाक थांबला. 'ट्रेनिंग झालेले नाही' हे वाक्य तिनं दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तिला कौन्सिलची कचेरी दिसू लागली: लांब टेबल, पगड्या घातलेली माणसं, आणि एक जण तिचा अर्ज मोठ्यानं वाचून दुसऱ्याकडे पाहून हसतो आहे. टाकलेली बाई, वरून निम्म्या तयारीची, आणि मास्तरीण व्हायला निघाली.

जेवताना तिनं भावाला विचारलं. अर्जुनराव वाईट माणूस नव्हते. बहिणीला त्यांनी कधी ओझं म्हटलं नाही, पण तिचं नाव पुन्हा चारचौघांच्या तोंडी जावं हे त्यांना नको होतं.

"त्यायनं पाच लिहिल्या, अन् तुयाजवळ तीनच हायेत," ते म्हणाले. "दोन कमी असताना अर्ज केला तर लोक काय म्हनतीन? एकदा हासं झालं आपलं. पुरे झालं."

वहिनी पुष्पाबाईंनी वेगळी वाट सुचवली. त्यांच्या माहेरी जानेफळला एक मास्तर ओळखीचे होते, ते दोन वर्षं शिकवल्याचा दाखला देतील, म्हणजे एक अट तर भागेल. रुख्मिणी नाही म्हणाली. खोट्यानं मिळालेल्या खुर्चीवर बसून पोरींना खरं बोलायला कसं सांगायचं, एवढंच ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. खोटं बोलायचं नाही हे तिनं झटकन ठरवलं. पण खरं तेवढंच लिहून पाठवायचं धाडस काही तिला झालं नाही.

मुदत टळली तेव्हा अर्धवट अर्ज तांदळाच्या मडक्यामागे होता. गुरुजींनी विचारलं, ती खाली पाहत राहिली. ते आपल्या वाटेनं शाळेकडे गेले. त्यांनी तिचा राग केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शाळेच्या बाईची वाट पाहण्यात उन्हाळा सरला, पेरण्या झाल्या. मग डेप्युटी इन्स्पेक्टर साहेब मुलांच्या शाळेची तपासणी करायला आले. चहाच्या वेळी गुरुजींनी रुख्मिणीलाही बोलावून घेतलं होतं. गुरुजींनी मुलींच्या शाळेचं काय झालं असं विचारलं. साहेब म्हणाले, की ती जागा दुसऱ्या तालुक्याला गेली. डोणगावसाठी एकही अर्ज आला नव्हता.

"एकही?" रुख्मिणीनं विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ते चांगले गृहस्थ होते, तिला दुखवण्याचा त्यांचा काही हेतू नव्हता. सातवी पास कोणतीही बाई आली असती तरी घेतली असती, असं त्यांनी सांगितलं. बिनट्रेनिंगच्या बाईला कच्ची नेमणूक देतात, मग कौन्सिलच्या खर्चानं अमरावतीला पाठवतात. अनुभवाची अट तर ते नेहमीच लिहितात, कोणी भेटलं तर बरं म्हणून. सातवी मात्र सोडत नाहीत, आणि वयही.

रुख्मिणीनं पदर सावरला आणि काम आहे असं सांगून घरी आली. ओसरीवर पोरी बसल्या होत्या. त्या दिवशी तिनं त्यांना लवकर घरी पाठवलं.

दोन वर्षांनी जानेफळला तशीच जागा निघाली. या वेळी तिनं कोणाला विचारलं नाही. ट्रेनिंग नाही, मान्य शाळेचा अनुभव नाही, असं स्वच्छ लिहिलं. अर्ज स्वतः बुलढाण्याला जाऊन दिला. कारकुनानं तिच्यासमोरच वाचला, तिच्या अक्षराची तारीफ केली, आणि जन्माच्या सालावर बोट ठेवलं. तिनं नुकतीच तिशी ओलांडली होती, तेवढ्यानं अडणार नाही असं धरून ती आली होती. या एका अटीपुढे वरच्या साहेबांचाही इलाज नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. बाकीचं सारं चाललं असतं.

कचेरीबाहेर गुरुजी उभे होते, ते तिच्यासोबत आले होते. तिचा चेहरा पाहून त्यांना कळलं.

"गुरुजी, तेव्हाच टाकला असता त..." ती म्हणाली.

"हाव, बाई," गुरुजी म्हणाले. खोटं समाधान करणं त्यांनाही जमलं नाही.

जानेफळची जागा शालूबाई नावाच्या चिखलीकडच्या मुलीला मिळाली. तिला शिवण येत नव्हतं, गाणं येत नव्हतं, ट्रेनिंग नव्हतं, अनुभवही नव्हता. पाचातल्या दोनच अटी तिच्याजवळ होत्या. तिनं अर्ज केला होता. अमरावतीहून परतल्यावर ती चांगली शिकवू लागली, असं रुख्मिणीनं ऐकलं आणि त्यात तिला खोट काढता आली नाही.

डोणगावात मुलींची शाळा पुढे कितीतरी वर्षं निघाली नाही. ओसरीवरच्या पोरी एकेक करून सासरी गेल्या. बहुतेकींचं शिक्षण नाव लिहिण्यापाशी थांबलं. नवीन पोरी येत, पण रुख्मिणी आता त्यांना फक्त शिवण शिकवी. अक्षरं का नाही शिकवत असं पुष्पाबाईंनी एकदा विचारलं. ती म्हणाली डोळे दुखतात, आणि सुईत दोरा ओवत राहिली.