बायकोला आला तो प्रश्न रद्द

आमचे हे, म्हणजे मोरोपंत मास्तर, अमरावतीत कॉमर्सचा क्लास चालवत. चेक या विषयावर सबंध वऱ्हाडात त्यांच्याइतकं बोलणारा माणूस नव्हता. स्वतःचं बँकेत खातं मात्र नव्हतं. "बँका बुडतात, हे बँक शिकवणाऱ्यालाच ठाऊक असतं," असं ते ऐटीत सांगत आणि पैसे गव्हाच्या कोठीत ठेवत. कोठी बुडत नाही, एवढीच तिची लायकी.

क्लास आमच्या ओसरीवर. आत मी पोळ्या लाटायची, बाहेर हे ओरडायचे, "चेकवर दोन तिरप्या समांतर रेघा मारल्या की काय होतं?" मी मनात म्हणायची, काय होतं म्हणजे? रोख मिळत नाही, बँकेमार्फतच जातो. वर्षानुवर्षं हेच. पोळ्या किती करपल्या ते विचारू नका, पण चेक पाठ झाला.

मग यांनी एक नवीन खूळ काढलं. लांबलचक उत्तरं बंद. एक प्रश्न, खाली चार उत्तरं, बरोबर वाटेल त्यावर खूण. आणि प्रश्न सोपा की अवघड हे मोजायला घरात फुकटचं माप होतंच, मी! प्रश्न मला वाचून दाखवायचा. मला आला, तर तो फारच सोपा, रद्द. मला चुकला, तर ठेवायचा.

"रेघांच्या मध्ये बँकेचं नाव लिहिलं तर?"

"मंग त्याच बँकेमार्फत जाईल."

"छे! हे तर तुलाही येतं!" की मारलीच काट.

"काकाने पुतण्याला चेक फुकट बक्षीस दिला. पुतण्या यथाविधी धारक, म्हणजे पक्का हक्कदार, होईल?"

"कसा होईल? मोबदला कुठी देल्ला त्यानं?"

काट.

असं करत करत यांचा पेपर इतका अवघड झाला की एका साली एकही पोरगं पास झालं नाही. हे खूश. "दर्जा!" म्हणाले. पोरांच्या आया माझ्याकडे येऊन रडल्या, त्यांना मी काय सांगू, की बायांनो, तुमची लेकरं माझ्या हुशारीपायी नापास झाली?

त्यात अकोल्याच्या वकिलांच्या बायकांनी काढलेल्या महिला पतपेढीचं पत्र आलं. हिशेबाला एक कारकून बाई हवी होती. परीक्षेचा पेपर मोरोपंतांनी काढावा, तपासावा. पन्नास प्रश्न, तीसला पास. आणि परीक्षेला बसणार होती आमच्या शेजारच्या रुख्मिणीबाईंची शैला. बाप नाही. मामाने चांदूर रेल्वेचा एक बिजवर बघून ठेवलेला, तीन लेकरांचा, तपकीर ओढणारा. मामाचं म्हणणं सरळ होतं. नोकरी लागली तर थांबतो, नाही तर याच महिन्यात अक्षता.

प्रश्न मी शैलाला सांगितले नाहीत. तेवढी बेइमानी माझ्याच्यानं होणार नव्हती. पण पेपर माणसाच्या पोरीला सुटेल असा तरी निघावा! मग मी ठरवलं, चुकायचं. यांनी विचारलं, "चोरलेला साधा बेअरर चेक दुकानदाराने नेक मनाने माल देऊन घेतला, त्याला हक्क मिळतो का?" येत असून मी म्हटलं, "नाही बा." हे खुलले. "मिळतो! तो यथाविधी धारक. ठेवला प्रश्न!" असे चांगले चांगले प्रश्न मी माझी अब्रू घालवून वाचवले. हे दया आल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

एकाच जागी घोळ झाला. यांनी वाचलं, "चेकवर रेघा आहेत आणि 'नॉट निगोशिएबल' लिहिलं आहे. असा चेक पाठीवर सही करून दुसऱ्याला देता येतो का?" माझं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे होतं. खरं तेच तोंडातून निघालं. "देता येते. पण देणाऱ्याचा हक्क जेवढा, घेणाऱ्याले तेवढाच. चोराकडून घेतला तर काही भेटत नाही."

"चूक!" हे हसले. "देताच येत नाही. उत्तर अ."

"कावून? तुमच्याच पुस्तकात—"

"पुस्तक मला शिकवू नकोस. दूध बघ."

दूध उतू गेलं होतं आणि प्रश्न पेपरात गेला होता. मी खरं बोलले म्हणून राहिला, बोला आता!

परीक्षा झाली. शैला घरी येऊन म्हणाली, "काकू, त्या नॉट निगोशिएबलवर मी क लिहिलं. देता येतो, पण हक्क देणाऱ्याएवढाच." यांच्या उत्तरांच्या यादीत तिथे अ होतं.

आठवड्यात अकोल्याहून पाकीट आलं. उत्तरपत्रिका, आणि सोबत यांच्या मानधनाचा चेक. हे तपासायला बसले. शैलाचा नंबर मला माहीत होता. तिचे गुण भरले एकोणतीस.

"त्या नॉट निगोशिएबलवर क ले खूण आहे ना?" मी म्हटलं.

"आणि उत्तर अ आहे. नियम तो नियम," म्हणाले, आणि चेक घेऊन टांग्यात बसून बँकेत गेले.

तासाभरात परत. तोंड कडू कारल्यासारखं. चेकवर दोन रेघा होत्या, बँकेने रोख द्यायला नकार दिला. खात्यात भरा म्हणाले. खातं कुठलं? ज्यांनी हजार पोरांना रेघा शिकवल्या, त्यांनी स्वतःच्या चेकवरच्या बघितल्या नव्हत्या.

तरी हे हरतात थोडेच! समोरच्या बापूसाहेब वकिलांना बोलावलं. त्यांचं खातं होतं. "तुम्हाला चेक देतो, तुम्ही मला रोख द्या."

बापूसाहेबांनी चष्मा लावला. "टपालाने आलाय, म्हणून 'नॉट निगोशिएबल' लिहिलंय पतपेढीच्या बाईंनी. हरकत नाही. पाठीवर माझं नाव लिहून सही करा."

यांनी टाक उचलला. मी आतून उत्तरांची यादी आणली आणि चेकाच्या शेजारी ठेवली.

"थांबा न," मी म्हटलं. "असा चेक दुसऱ्याले देताच येत नाही. उत्तर अ. हेच सांगून राहिले होते हे."

"कोण म्हणतं येत नाही?" बापूसाहेब हसले. "देता येतो वहिनी. मास्तरांचा हक्क चोख, तर माझाही चोख. मास्तर चोर असते तर मी बुडालो असतो, एवढंच."

"म्हणजे क," मी म्हटलं.

शाईचा थेंब यांच्या धोतरावर पडला. सही केली तर यादी खोटी. नाही केली तर तो कागद घेऊन बसा, नाही तर जी बुडते म्हणून साऱ्यांना सांगितलं, त्याच बँकेत खातं काढायला जा. खोटं कशाला सांगू, मजा वाटत होती, आणि त्या पोरीसाठी जीव खालीवरही होत होता.

यांनी आधी यादी ओढली. अ खोडून क लिहिलं. मग चेकावर सही ठोकली.

"छापखान्याची चूक होती," बापूसाहेबांकडे न बघता म्हणाले. यादी हातानेच लिहिलेली होती, पण असो. शैलाचे तीस झाले. पास झालेली ती एकटीच, नोकरी तिलाच लागली. तीन लेकरांच्या तपकिरीला दुसरी शोधावी लागली.

पुढच्या साली हे पुन्हा प्रश्न घेऊन बसले. "चेक एकाच्या नावाचा. दुसऱ्याने पाठीवर त्याची खोटी सही करून दुकानदाराला दिला. दुकानदार नेक मनाचा. त्याला हक्क मिळतो?"

आता चुकायचा मला कंटाळा आला होता. "नाही भेटत," मी म्हटलं. "खोट्या सहीनं हक्क जातच नाही, मन कितीही नेक असू द्या."

यांनी काट मारायला टाक उचलला. मग थांबले, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा मला विचारलं, "खात्री आहे का गं?"