बासुंदीत फिनाईल

पंचशीलाबाई उमरीच्या. अन्नसुरक्षेचं शिकवत त्या गावोगाव फिरतात. त्या दिवशी नायगावच्या मंगल कार्यालयात वरच्या हॉलमध्ये आम्ही पंचक्रोशीतले लग्नाचे सगळे आचारी आणि केटरर बसलो होतो. खाली अमृतरावांच्या मुलीचं लग्न होतं, स्वयंपाक लिंबाजीचा; तोही घटकाभर वर येऊन बसला होता.

"पंगतीनंतर हगवण लागली की तुम्ही पाण्याला दोष देता," बाई म्हणाल्या. "आधी आपलं पातेलं बघा. शिजलेलं अन्न वाफाळतं ठेवा, न्हाईतर परातींत पसरून लवकर गार करा आणि फ्रिजात टाका. कोमट म्हणजे जंतूंचं माहेर."

"आमची बासुंदी रातभर गारच असती," लिंबाजी हसला. "ओलं पोतं टाकतो वर. हात लावून बघा की."

"चला."

आम्ही सगळे खाली उतरलो. पातेलं बाहेरून गार होतं. बाईंनी तापमापीची सळई मधोमध बुडवली. अडतीस.

"अंगाएवढी ऊब हाय आत. ही वाढायची न्हाई."

"उकळी आणतो की मंग!"

"उकळीनं जंतू मरतील, दादा. त्यांनी सोडलेलं विष राहतं."

लिंबाजीनं सळई हिसकावून भिंतीवर आपटली. "पंगत बसायली! गोड काय तुझ्या घरून आणू?"

आरडाओरडा ऐकून अमृतराव आले. "वाढ रे लिंबाजी. व्याह्यापुढं माझं नाक कापू नको."

बाई पातेल्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "बाहेर लेकरं बसलेत, मालक."

"सरक!" लिंबाजीनं झारा उगारला.

"न्हाई."

झारा कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. दोन वाढप्यांनी बाईंना दंडाला धरून ओढलं; एकाच्या मनगटाला त्या कडकडून चावल्या आणि सुटल्या. मोरीजवळ फिनाईलचा डबा होता. तो त्यांनी अख्खा बासुंदीत ओतला.

लिंबाजीनं केस धरून त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात मी त्याच्या गळ्याला मागून हात घातला. आम्ही दोघं परातींवर कोसळलो, माझा दात पडला. अमृतरावांनी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं. कुणाला हाणावं कळेना, म्हणून पातेल्यालाच हाणत सुटले.

"रवा कुठाय?" पदर कपाळाला दाबून बाई विचारत होत्या. "शिरा टाका. कढईतून थेट पानात."

मी टाकला. पंगती उठल्या. कोणी आजारी पडलं नाही.

म्हणूनच नायगावात आजही लोक म्हणतात, बासुंदी चांगलीच होती, त्या बाईनं उगाच नासवली.