स्टाफरूमच्या पिशवीची गाठ

आर्वीतल्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. त्यामुळे पाणी तुंबलं, पाल निघाली किंवा कचऱ्याची तक्रार आली, की मुख्याध्यापक माझ्याकडे बघतात.

त्या गुरुवारी तक्रार घंटागाडीवरच्या ताईंनी आणली. उजव्या तळव्याला चिंधी गुंडाळलेली.

"मॅडम, सोमवारपासून तुमच्या शाळेचा कचरा मी नाई उचलत."

"काऊन हो ताई?"

"काच होती त्याच्यात. हा पाहा, माहा हात. चार टाके पडले. डावखुरी असती तं बरं झालं असतं."

दोन दिवस कचरा पडून राहिला तर काय होतं, ते पोषण आहार शिजवणाऱ्या शाळेला सांगावं लागत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "शनिवारच्या परिपाठात दहा मिनिटं घ्या. मुलांना चांगलं झापा." मी ताईंनाही शनिवारी बोलावलं. मुलांनी तो हात पाहिला की काम होईल, असा माझा हिशेब.

शनिवारी प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, मी माइक घेतला. हिरव्या डब्यात ओला कचरा, म्हणजे साली, उरलेली खिचडी, चहाचा चोथा. निळ्यात सुका, म्हणजे कागद, प्लास्टिक, पत्रा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे. बल्ब, सेल, जुनी औषधं वेगळी. मी रंगवलेला तक्ता छान होता. सातवीची मागची रांग जांभया देत होती. मग मी आवाज चढवला. "तुमच्यापैकी कोणीतरी काच टाकली आणि ताईंचा हात कापला. कोण आहे तो?"

ताईच पुढे आल्या.

"लेकरांवर काऊन रागवता मॅडम? लेकरांचे डबे उघडे राह्यते, आत काय हाय ते दिसते. मले कापलं ते गाठ मारलेल्या पिशवीनं. तुमच्या मोठ्या लोकांच्या खोलीतली होती."

"कशावरून?" मी विचारलं.

"चहाचा चोथा, संत्र्याच्या साली अन् फुटका कप. दोन गाठी मारेल होत्या. ओल्यातून पन्नी काढाच लागते ना, नाई तं खत होत नाई. गाठ सुटत नाई म्हून फाडा लागते, हातानं."

दोन गाठी मीच मारते. बुधवारी माझ्या हातून काचेचा कप फुटला होता. कोणाला लागू नये म्हणून तुकडे सालींच्या मधोमध दडवले, पिशवी करकचून बांधली आणि हिरव्या डब्यात टाकली. स्वतःच्या टापटिपीवर खूशही झाले होते.

माइक अजून चालू होता. "कप माझा होता," मी म्हटलं.

सातवीची मागची रांग खडबडून जागी झाली. एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "आता मॅडमले कोण झापीन?" मुख्याध्यापक एकदम तक्त्याचं निरीक्षण करू लागले.

"ताई, चुकलं माझं. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा," मी म्हटलं आणि माइक त्यांना दिला. त्यांनी तो लांबच धरला. त्यांचा आवाज तसाही पुरेसा होता.

"ओलं पन्नीत बांधू नका. डब्यात खाली पेपर टाका अन् गाडीत तसंच उपडं करा. दुधाची पन्नी कापतानी कोपरा तोडू नका, लटकत ठेवा. तो बारका तुकडा कोणालेच सापडत नाई. पन्नी धुवा, वाळवा, मग सुक्यात टाका. काच फुटली तं खोक्यात घाला, चिकटपट्टी लावा, वर 'काच' लिवा अन् माह्या हातात द्या. पॅड पेपरात गुंडाळून त्याच्यावर लाल ठिपका मारा. हसू नका रे पोट्टेहो, तुमच्या घरी बी आया-बहिणी हायेत."

कोणी हसलं नाही. मी एवढीच भर घातली, की आठवडाभर रोज शाळा सुटताना प्रत्येक वर्गातल्या दोघांनी आपले डबे उघडून बघायचे. स्टाफरूमचा डबा सातवीची मागची रांग बघेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सोमवारी याल ना?" मी ताईंना फाटकापाशी विचारलं.

"येतो. पाहतो पहिले, मग उचलतो."

सोमवारी गाडीची घंटा वाजली तेव्हा डबे फाटकाशी रांगेत होते. ताईंनी काठीनं एकेक हलवून पाहिला. पाचवीच्या निळ्या डब्यातून केळीची साल निघाली. ती त्यांनी पाचवीलाच परत दिली. बाकीचे गाडीत रिकामे झाले. शेवटी मी खोकं घेऊन पुढे झाले. बुधवारच्या कपाची बशी शनिवारी दुपारी फुटली होती. कपाविना ती तशीही बिनकामाची.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिलं होतं. ताईंनी ते डाव्या हातात घेतलं, हलवून पाहिलं.

"अजून किती कप राह्यले मॅडम?"

"पाच."

"स्टीलचे घेजा," त्या म्हणाल्या आणि गाडीवर चढल्या.